बोलणाऱ्या बाहुलीचं तोंड हलत नाही

बाहुलीनाट्य लिहायला बसलं की आधी गोष्ट सुचते, मग संवाद, आणि बाहुल्या सगळ्यात शेवटी. मीही कितीतरी वर्षं याच क्रमानं लिहीत होतो. आपल्याकडची जुनी बाहुलीपरंपरा पाहिल्यावर कळलं की तिथं क्रम उलटा आहे. उत्तर प्रदेशातल्या गुलाबो-सिताबो या हातमोजाच्या बाहुल्या आहेत. खेळ दोन बायकांच्या भांडणाचा, कारण खेळवणाऱ्याला हात दोनच. एका हातावर एक बाई, दुसऱ्या हातावर दुसरी, आणि दोघी समोरासमोर आल्या की भांडणाखेरीज दुसरं काय होणार! गोष्ट हातातून आली आहे. ओडिशातल्या रावणछायेच्या बाहुल्या एकसंध चामड्याच्या, त्यांना सांधे नाहीत. आंध्रातल्या तोलुबोम्मलाटामधल्या बाहुल्या मोठ्या, रंगीत, आणि खांदा, कोपर, गुडघ्यात हलणाऱ्या. एकच रामायण दोन्हीकडे चालतं, पण ज्या बाहुलीचा हात हलत नाही तिच्या प्रसंगाची मांडणी वेगळीच होणार. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या अशा तिन्ही कला सांभाळल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एकाच गावात गोष्ट सांगायच्या तीन रीती, आणि प्रत्येकीचं शरीर निराळं.

हे सगळं तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना कसं लागू पडतं, ते मला एका अंगणवाडीत कळलं. नाटुकल्यात ससा आणि उंदीर होते. सशाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं : ‘उंदीरमामा, काल मी शेतातून आणलेलं लालचुटुक गाजर तुम्ही कुठे पाहिलंत का?’ वाचायला गोड. पण मुलं बोलणाऱ्या सशाकडे न बघता उंदराकडे बघत होती. कारण माझा डावा हात अवघडला होता आणि उंदीर उगाच डुलत होता. हातमोजाच्या बाहुलीचे ओठ हलत नाहीत. तर्जनी तिच्या मानेत, अंगठा आणि मधलं बोट तिच्या दोन हातांत. कोण बोलतंय हे मुलाला एकाच गोष्टीवरून कळतं : जी हलते ती बोलते. म्हणून बोलणारी हलली पाहिजे आणि ऐकणारी दगडासारखी स्थिर राहिली पाहिजे. अकरा शब्दांच्या वाक्यात तर्जनी किती वेळा वाकवणार? चार-पाच हिसक्यांनंतर ते मान हलवणं न राहता नुसती थरथर होते, आणि तोवर दुसरा हातही हलू लागतो.

मग ते वाक्य मी हातांवर बाहुल्या चढवून पुन्हा लिहिलं. कागद भिंतीला चिकटवला आणि तोंडानं बोलत, हातानं खेळत खोडत गेलो. शेवटी उरलं ते एवढं :

ससा : माझं गाजर? (टोपलीत डोकावतो.)
ससा : नाही! (दोन्ही हात डोक्यावर.)
उंदीर मागून गाजर घेऊन जातो.
ससा : मुलांनो, गाजर कुठे? (थांबा.)

‘शेतातून आणलेलं’, ‘काल’, ‘लालचुटुक’ यातलं काहीच गमावलं नाही. गाजर लाल आहे हे मुलांना दिसतंच आहे, आणि ते कालचं की आजचं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. ससा टोपलीत डोकावतो तेव्हा ‘शोधतोय’ हा शब्द लिहायची गरज पडत नाही. माझा नियम आता साधा आहे : एका हालचालीला एक ओळ, आणि ओळ एका दमात संपली पाहिजे.

त्या ‘थांबा’वर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. इतक्या लहान मुलांना गाजर कुठे आहे हे सशाच्या आधी माहीत असणं फार आवडतं, आणि ती ओरडून सांगतात. पण लिहिणाऱ्यानं त्या ओरड्याचा भरवसा धरून चालत नाही. मुलं ‘मागे!’ ओरडली तर ससा वळतो, उंदीर खाली बुडी मारतो, ससा म्हणतो, ‘इथे नाही!’ मुलं गप्प राहिली तर उंदीरच वर येऊन तोंडावर हात ठेवतो, ‘शूऽऽ.’ मुलं लबाडीनं ‘माहीत नाही’ म्हणाली, आणि तसं होतंच, तर ससा मान खाली घालतो आणि पुन्हा विचारतो. तिन्ही वाटा पुढच्या एकाच ओळीला येऊन मिळतात. हे आधीच लिहून ठेवलं नसेल तर पडद्यामागचा माणूस गोंधळतो आणि लांबलचक बोलू लागतो. तिथे नाटक सुटतं.

गाजराचीही एक गोष्ट आहे. पहिलं गाजर मी कापडात कापूस भरून केलं होतं. बाहुलीच्या दोन हातांत ते गुळगुळीत होऊन सटकलं, आडोशाच्या साडीपलीकडे पडलं आणि एका मुलीनं उचलून खिशात घातलं. आता गाजर स्पंजचं असतं, वीतभर लांब, मधे चिमूटभर खोल, म्हणजे हात तिथेच बसतात. शिवाय दोऱ्यानं आडोशाच्या काठीला बांधलेलं. तरीही ते पडतंच, म्हणून संहितेत उंदरासाठी एक ओळ ठेवली आहे : ‘पडलं! ओढतो मी.’

हात थकतो, हेही संहितेतच सोडवावं लागतं. कोपर उभं धरून दोन मिनिटं झाली की बाहुली हळूहळू खाली सरकते आणि मुलांना नुसते कान दिसू लागतात. बाहुली बुडतेय हे खेळवणाऱ्याला कळत नाही, कारण तो खाली गुडघ्यावर बसलेला असतो. म्हणून दर दीड-दोन मिनिटांनी एकाला तरी बाहेर पाठवायचं. ससा ‘आईला विचारतो’ म्हणून जातो ते आईसाठी नव्हे, उजव्या हातासाठी. सात-आठ मिनिटांच्या खेळात अशा तीन-चार ये-जा पुरतात.

हाच ससा छायेत न्यायचा म्हटलं तर गोष्टच बदलावी लागते. पुठ्ठ्याची आकृती गाजर उचलू शकत नाही. गाजर घेतलेला ससा वेगळा कापावा लागतो आणि अदलाबदलीसाठी त्याला एकदा झाडाआड जावं लागतं. तो वळूही शकत नाही. उलटा करायचा झाला तर क्षणभर पडद्यावर नुसती रेघ दिसते. म्हणून छायानाट्यात मी सगळ्यांना एकाच दिशेनं चालवतो, म्हणजे गोष्ट आपोआप प्रवासाची होते.

पण छायेकडे एक गोष्ट आहे जी मोजाकडे नाही. आकृती कापडाला टेकली की काळीभोर आणि रेखीव, दिव्याकडे सरकवली की मोठी आणि अंधुक. दिवा मात्र एकच हवा, एका बिंदूतून उजेड देणारा. ट्यूबलाइटमध्ये कडा विरघळतात. या वाढण्यावरच मी नाटक उभं केलं. ससा चालतो आणि पुढे भलेमोठे कान दिसतात. ‘कोण?’ कान आणखी वाढतात. ‘कोण आहे?’

पहिल्या खेपेला तीन वर्षांची दोन मुलं इथे रडली. चूक माझीच होती : खोलीत पूर्ण अंधार होता आणि मोठी सावली आधी दिसली होती. आता मी एक खिडकी उघडी ठेवतो. सुरुवातीलाच मुलांदेखत दिव्यापुढे हात धरतो, लहान करतो, मोठा करतो. नाटकातही उंदीर आधी छोटा दिसतो, मुलांकडे बघून म्हणतो, ‘मी लपतो!’ आणि मग दिव्याकडे सरकत मोठा होतो. तेव्हा ससा विचारतो, ‘कोण?’ आणि मुलं खिडकीतून येणाऱ्या उजेडात उड्या मारत सांगतात, ‘उंदीर!’