आरोग्य विम्यातील ‘वजावट’ कुणाच्या खिशातून?

आरोग्य विम्याचे कागद घेऊन वस्तीतील मंडळी आमच्याकडे येतात, तेव्हा एका शब्दावर हमखास घोटाळा होतो. तो शब्द म्हणजे डिडक्टिबल, मराठीत वजावट. आयकरातील वजावट ठाऊक असलेल्यांना वाटते, ही आपल्याला मिळणारी सूट. खरा अर्थ उलटा आहे. इस्पितळाच्या बिलातील तेवढी रक्कम विमा कंपनी देणार नाही. ती आपण भरायची किंवा दुसऱ्या पॉलिसीतून भागवायची.

प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता. तो भिशीसारखा परत मिळत नाही. वर्षात घरात कुणी आजारी पडले नाही, तर तो खर्ची पडला असेच समजावे. वजावट जितकी मोठी, तितका हप्ता कमी. कारण लहान बिले कंपनीच्या अंगावर येतच नाहीत. म्हणून एजंटाने स्वस्त हप्ता सांगितला की आधी वजावटीचा आकडा विचारावा.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. मुलाच्या कारखान्यातर्फे साऱ्या कुटुंबाला मिळून तीन लाखांचा विमा आहे. त्याच्यावर त्याने पाच लाखांची दुसरी पॉलिसी घेतली, तिची वजावट तीन लाख. त्याच वर्षी वडिलांच्या हृदयाचे बिल झाले दोन लाख आणि पुढे आईच्या शस्त्रक्रियेचे अडीच लाख. एकूण साडेचार लाख. कारखान्याच्या विम्याने तीन लाख दिले. उरलेले दीड लाख?

दुसरी पॉलिसी साधी ‘टॉप-अप’ असेल तर काहीच मिळणार नाही. तिथे वजावट दर वेळच्या बिलाला लागते आणि दोन्ही बिले तीन लाखांच्या आतच आहेत. तीच ‘सुपर टॉप-अप’ असेल, तर वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात आणि ग्राह्य खर्चापैकी दीड लाखाची मागणी करता येते. एका ‘सुपर’ शब्दाची ही किंमत! (पत्रकावर तो छापलेला असतो, पण वाचतो कोण?) आणखी एक गोष्ट. नोकरी सुटली की कारखान्याचा विमा सहसा संपतो. मग पहिले तीन लाख आपल्याच खिशातून जातात.

क्लेम म्हणजे पॉलिसीच्या करारानुसार आपण केलेली पैशांची मागणी. संपूर्ण बिल मंजूर होईलच असे नाही. हातमोजे, नोंदणी फी अशा बाबी पुष्कळदा कापल्या जातात. दोन पॉलिस्या असल्या की अडचण कागदांची येते, कारण मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. त्यामुळे दाखल होतानाच दोन्ही कंपन्यांना कळवावे. डिस्चार्ज कार्ड, बिले व तपासण्यांच्या शिक्कामोर्तब केलेल्या प्रती इस्पितळातून घ्याव्यात. पहिल्या कंपनीने किती दिले व काय कापले, याचे तिचे पत्र मागून घ्यावे आणि ते दुसऱ्या अर्जाला जोडावे.