बालमंदिराची भेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी बालमंदिर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, या हेतूने आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपासून दोन आठवडे भेटीसाठी राखून ठेवतो. शनिवार-रविवार वगळता या मुदतीत रोज सकाळी सव्वानऊ ते पावणेअकरा ही वेळ मुक्रर केलेली असून, एका दिवशी तीनच कुटुंबांना वर्गात बसता येते. ही सूचना फलकावर लागली, की तिच्याविषयी काही समजुती पसरू लागतात, आणि त्या बहुतेक सद्भावनेतूनच आलेल्या असल्यामुळे त्यांचे निरसन सविस्तर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भेटीचा दिवस म्हणजे प्रदर्शनाचा दिवस, अशी समजूत सर्वांत अधिक आढळते. त्या दिवशी भिंती सजवलेल्या असतील, मुले ओळीने उभी राहून गाणी म्हणतील आणि पालक हवे तेव्हा येऊन पाच-दहा मिनिटांत फेरफटका मारून जातील, अशी अपेक्षा घेऊन येणाऱ्यांना आमचा साधासुधा, बराचसा नि:शब्द वर्ग पाहून प्रथम काहीसे चुकल्यासारखे होते. वस्तुस्थिती अशी, की त्या दिवशी आम्ही निराळे काहीही करीत नाही. आणि दीड तास बसून राहण्याची विनंती जी करतो, ती शिक्षणपद्धतीच्या अंतरंगाशी निगडित आहे. आमच्या येथे तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात असतात व सकाळच्या सलग कामाच्या वेळात प्रत्येक मूल आपले साधन आपणच निवडते. आरंभी ते ओळखीचे, सोपे काम घेते. दहाच्या सुमारास वर्गात चुळबुळ वाढते, आवाज चढतात, काही मुले नुसतीच हिंडू लागतात, आणि त्यानंतर, कोणी मध्ये पडले नाही तर, तीच मुले सकाळचे सर्वांत कठीण काम हाती घेऊन त्यात बुडून जातात. मारिया माँटेसरी यांनी आपल्या निरीक्षणांत या मधल्या अस्वस्थतेची नोंद करून, हा खरा थकवा नव्हे, असे बजावून ठेवले आहे. तेव्हा सव्वानऊला येऊन दहाला उठणारा पालक नेमका गोंधळ पाहून घरी जातो, आणि येथे शिस्त नाही असा ग्रह करून घेतो. त्याला दोष कसा द्यावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येथे मुले केवळ खेळतात, पाटी-पेन्सिल वा वही दिसत नाही, मग पहिलीत गेल्यावर त्यांचे कसे होणार, असे अनेक माता-पिता चिंतेने विचारतात. त्यांना आमची विनंती असते, की भेटीच्या वेळी दट्ट्यांच्या पेटीजवळ बसलेल्या एखाद्या मुलाच्या बोटांकडे काही काळ पाहावे. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे असतात, प्रत्येकाच्या माथ्यावर एक बारीक मूठ असते, आणि ती धरण्यासाठी अंगठा, तर्जनी व मध्यमा ही तीन बोटे आपोआप जुळतात; लेखणी धरण्यास लागणारी बोटे नेमकी हीच. मुलाने एखादा बारीक दट्ट्या रुंद खाचेत टाकला, तर त्या क्षणी काही बिघडल्याचे दिसत नाही, परंतु शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि मोकळ्या असलेल्या खाचेत तो जात नाही. तेथे ताई बोलत नाहीत. मूल थबकते, ओळीवरून नजर फिरवते, दोन दट्टे उपसते, आणि चूक कोठे झाली हे स्वतःच शोधून काढते. याच्या पुढच्या पायरीवर खरखरीत कागदाची अक्षरे येतात. मूल दोन बोटांनी ‘म’ गिरवते व त्याचा उच्चार करते, मग ‘ग’, ‘न’, ‘र’ यांची ओळख होते, आणि एके दिवशी सुट्या अक्षरांतून ‘मगर’, ‘नगर’, ‘गगन’ असे काना-मात्रेवाचूनचे शब्द ते सतरंजीवर मांडू लागते. वाचनाच्या आधी लेखन येते, हा अनुभव रोममधील सान लोरेन्झो वस्तीत 1907 साली निघालेल्या पहिल्या बालगृहातही आला होता. मात्र अमुक महिन्यात अमुक अक्षरे येतील, असे आश्वासन आम्ही देत नाही. दोन मुलांच्या तयारीत सहज वर्षाचे अंतर पडते, आणि ते अंतर जबरीने मिटवू गेले की लेखणीची धास्ती तेवढी शिल्लक राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीचा आरंभ सहाव्या वर्षाशी जोडून त्याआधीची तीन वर्षे खेळ आणि कृती यांवर आधारलेली असावीत असे म्हटले आहे.

ही पद्धत परदेशी, महागडी व इंग्रजी माध्यमालाच शोभणारी आहे, असेही कानावर येते. असे म्हणणाऱ्यांस बहुधा हे ठाऊक नसते, की गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू केले, तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी पाड्यांतील मुलांमध्ये हेच काम, शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंनिशी व मुलांच्या बोलीशी नाते ठेवून चालवले. आमच्या कपाटातही गुलाबी मनोऱ्याशेजारी चिंचोक्यांची परडी ठेवलेली दिसेल, आणि वर्गाची भाषा मराठीच आहे.

भेटीच्या दिवशी मुलाची परीक्षा घेतली जाते, ही समजूत मात्र सर्वस्वी निराधार होय. पहिल्या भेटीस मुलाला आणूच नये, असे आम्ही सांगतो. कारण नवे मूल आले की आई-वडिलांचे लक्ष त्याच्याकडे लागते आणि वर्ग पाहायचा राहून जातो. मुलासाठी निराळा दिवस ठरवून, अकरानंतर अर्धा तास, आई किंवा वडील जवळ असतानाच त्याला वर्गात बसवले जाते. त्यात त्याने बोललेच पाहिजे असा आग्रह नसतो.

राहिली दिवस राखून ठेवण्याची रीत. कचेरीत नोंदवही आहे. सकाळी साडेआठ ते बारा या वेळात समक्ष येऊन अथवा दूरध्वनीवरून पालकाचे नाव, मुलाची जन्मतारीख आणि सोयीचे दोन दिवस कळवावेत, म्हणजे त्यांपैकी एक दिवस मुक्रर करून तशी चिठ्ठी दिली जाते. यासाठी शुल्क नाही. भेटीचा दिवस मिळाला म्हणजे प्रवेशही मिळाला, असा अर्थ काही जण करतात, तो बरोबर नाही. प्रवेशाचा अर्ज स्वतंत्र असून त्याची मुदत भेटींच्या पंधरवड्यानंतर सुरू होते, आणि भेटीस न आलेल्यांचा अर्ज नाकारलाही जात नाही. नोकरीमुळे सकाळ मोकळी नसलेल्यांसाठी दोन्ही बुधवारी सायंकाळी पाच ते सहा साधने पाहण्याची तजवीज केली आहे, परंतु त्या वेळी मुले नसल्याने वर्ग पाहिल्याचे समाधान त्यातून मिळणार नाही. निदान आई-वडिलांपैकी एकाने सकाळची वेळ काढावी, असा आमचा आग्रह आहे. वर्गात भिंतीलगतच्या खुर्चीवर बसावे, मुलाने आपणहून काही दाखवले तर हळू आवाजात उत्तर द्यावे, त्याच्या हातातील काम सुधारून देऊ नये व छायाचित्रे घेऊ नयेत. शंका असतील त्या टिपून ठेवाव्यात, पावणेअकरानंतर मुख्याध्यापिका अर्धा तास त्यांसाठीच बसतात. ठरलेल्या दिवशी येणे जमत नसेल, तर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तशी इत्तला द्यावी, म्हणजे प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या कुटुंबास ती जागा देता येते व आपणांस उरलेल्या दिवसांपैकी एक मिळतो.