डब्याचा हिशोब, दोन महिन्यांत!

समजा, तुम्ही दोघा मित्रांनी मिळून हॉस्टेलच्या पोरांसाठी डब्याची मेस सुरू केलीय. डबा 55 रुपयांना. सप्टेंबरात 2,000 डबे गेले, खर्च 94,000. म्हणजे डब्याला 47 रुपये, सुटले 8! नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीमुळे 1,300च डबे जातील. मग 10,400 रुपये तरी सुटतील ना?

नाही सुटणार. कारण खोलीचं भाडं आणि मावशींचा पगार सुट्टीवर जात नाहीत. डबे कमी झाले की कमी होतो तो फक्त भाजी, पीठ, गॅसचा खर्च. वहीत मात्र सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं असतं. हा झाला मिश्र खर्च. तो वेगळा करायला कॉस्टिंगमध्ये एक सोपी युक्ती आहे : हाय-लो मेथड.

आधी चार महिने मांडा :

जुलै : 1,200 डबे, 66,000 रुपये
ऑगस्ट : 1,800 डबे, 88,500 रुपये
सप्टेंबर : 2,000 डबे, 94,000 रुपये
ऑक्टोबर : 1,700 डबे, 97,000 रुपये

आता सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी डब्यांचा महिना घ्या : सप्टेंबर आणि जुलै. डब्यांत फरक 800चा, खर्चात 28,000चा. भागाकार केला की 35 रुपये. हा एका डब्यामागचा बदलता खर्च. सप्टेंबरचे 2,000 डबे गुणिले 35 म्हणजे 70,000. ते 94,000 मधून वजा केले की उरले 24,000. हा दरमहाचा स्थिर खर्च. जुलैवर ताळा करून बघा, तेवढाच येतो.

नोव्हेंबरचा अंदाज मग असा : 24,000 अधिक 1,300 गुणिले 35, म्हणजे 69,500. डब्यांचे येणार 71,500. हातात फक्त 2,000! त्या 10,400च्या भरवशावर नवा फ्रिज बुक केला असता तर?

परीक्षेत अनेकांची गफलत होते ती महिना निवडताना. सर्वांत जास्त खर्च ऑक्टोबरचा, म्हणून तोच उचलला जातो. पण त्या महिन्यात मिक्सर आणि शेगडीच्या दुरुस्तीचं बिल आलं होतं. ऑक्टोबर आणि जुलै धरले तर बदलता खर्च 62 रुपये येतो आणि स्थिर खर्च उणे 8,400. भाडं कधी उणे असतं का? असं उत्तर आलं की समजा, महिना चुकला. निवड डब्यांवरून करायची, रुपयांवरून नाही. आणि त्या दोन महिन्यांतच असा अवांतर खर्च घुसला असेल, तर तो आधी बाजूला काढायचा.

ही पद्धत फक्त दोनच महिने बघते, म्हणून मधल्या महिन्यावर तपासा. ऑगस्टला सूत्र 87,000 सांगतं, झाले 88,500. चालेल. पण हे गणित 1,200 ते 2,000 डब्यांपुरतंच. उद्या 3,000 डब्यांची ऑर्डर आली, तर आणखी एक मावशी लागतील आणि 24,000चा आकडाच बदलेल.