ताईचं स्टेटमेंट आणि भाच्याचं कार्ड

नाशिकच्या माझ्या ताईने दोन वर्षांपूर्वी तिच्या क्रेडिट कार्डावर मुलासाठी अॅड-ऑन कार्ड घेतलं. भाचा पुण्यात शिकायला असतो. मेस, पेट्रोल, पुस्तकं यासाठी दर वेळी पैसे पाठवत बसण्यापेक्षा हे सोपं, असा साधा विचार होता. मागच्या दिवाळीनंतर ताईने स्टेटमेंट माझ्यापुढे ठेवलं. "अरे, माझे पैसे मी वेळेवर भरले, मग माझ्या नावावर हे व्याज कसलं?" ते स्टेटमेंट आम्ही ओळ न् ओळ वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अॅड-ऑन कार्ड घेणाऱ्या बहुतेक घरांत हा घोटाळा होऊ शकतो.

गैरसमजाची सुरुवात यादीच्या मांडणीतच होते. ताईच्या स्टेटमेंटवर आधी तिचं नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे होते, खाली तिची खरेदी. मग भाच्याचं नाव, त्याच्या कार्डाचे वेगळे चार आकडे, खाली त्याची खरेदी. सगळ्याच बँका असं छापत नाहीत. काही ठिकाणी दोघांचे खर्च तारखेप्रमाणे एकात एक मिसळलेले असतात आणि कोणतं कार्ड वापरलं ते शेवटच्या चार आकड्यांवरून ओळखावं लागतं. म्हणून अॅड-ऑन कार्डाचे शेवटचे चार आकडे घरात कुठेतरी लिहून ठेवलेले बरे. कार्ड हरवून नवीन आलं, की हे आकडे बदलतात आणि त्या महिन्यात एकाच माणसाच्या नावाखाली दोन कार्डं दिसू शकतात.

दोन नावांखाली दोन याद्या पाहिल्या, की आपल्याला वाटतं ही दोन बिलं आहेत. तसं नसतं. बँकेच्या लेखी खातं एकच, मर्यादा एकच आणि देणं एकच. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या निर्देशांतही हे स्पष्ट आहे: अॅड-ऑन कार्ड मुख्य कार्डधारक सांगेल त्याच व्यक्तीला द्यायचं आणि त्यावरच्या देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. भाच्याचं नाव हे यादीतलं एक शीर्षक आहे, ते बँकेच्या दृष्टीने देणेकऱ्याचं नाव नाही. बिलावर 'एकूण देय' आणि 'किमान देय' या रकमा एकेकच असतात, त्यांची वाटणी नसते.

आता ताईचं बिल. तिचं स्टेटमेंट दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं. हे 18 ऑक्टोबरचं होतं आणि भरायची शेवटची तारीख 7 नोव्हेंबर. ताईच्या नावाखाली किराणा 4,310, वीजबिल 2,190 आणि औषधं 1,640, मिळून 8,140 रुपये. भाच्याच्या नावाखाली मेसचे 3,200, पेट्रोलचे 505 रुपये 90 पैसे, बुटांचे 2,499, पुस्तकं आणि झेरॉक्सचे 860 आणि एटीएममधून काढलेले 2,000. त्याची बेरीज 9,064 रुपये 90 पैसे.

या यादीतल्या एकेका ओळीपाशी आम्ही थांबलो. पेट्रोल भाच्याने 500 रुपयांचंच भरलं होतं, पावतीही तशीच होती. मग वरचे 5 रुपये 90 पैसे कुठून आले? काही पंपांवर कार्डाने पैसे दिले, की एक टक्का अधिभार लागतो, म्हणजे 5 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 90 पैसे. त्याच बिलात पुढे 5 रुपये जमा झाल्याची वेगळी ओळ होती, शेवटी Cr लिहिलेली. बँकेने अधिभार माफ केला होता, जीएसटी मात्र परत आला नव्हता. पावतीशी ओळ जुळत नाही म्हणून मुलावर संशय घ्यायच्या आधी ही जमेची ओळ शोधावी.

पुस्तकांच्या ओळीवर तर ताई अडखळलीच. तिथे दुकानाचं नाव नव्हतं, SHREE ENTERPRISES PUNE IN असं काहीतरी होतं. कार्डाच्या व्यवहारासोबत जी माहिती बँकेकडे जाते, तिच्यात दुकानाच्या नावाला ठरावीक अक्षरांचीच जागा असते, मग शहर आणि शेवटी देशाची खूण. IN म्हणजे भारत. या जागेत दुकानदाराने कार्ड मशीन घेताना नोंदवलेलं नाव येतं, दारावरची पाटी येतेच असं नाही. स्टेटमेंट कुठे, कधी आणि किती एवढंच सांगतं. काय घेतलं ते कुठेच नसतं. मेडिकलमध्ये गेलेले आठशे रुपये औषधाचे की शाम्पूचे, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही. मला वाटतं हे दोघांनाही माहीत असावं. वीस वर्षांच्या मुलाला त्याची प्रत्येक हालचाल आईला दिसते असं वाटू नये आणि आईनेही दुकानाच्या नावावरून कथा रचू नये.

भाच्याच्या मते त्याचा खर्च 9,800 च्या वर होता आणि तो बरोबर होता. 17 ऑक्टोबरच्या रात्री त्याने 745 रुपयांचं तिकीट काढलं होतं, ते या यादीत नव्हतंच. कार्ड वापरल्याचा दिवस आणि व्यवहार खात्यात नोंदला जाण्याचा दिवस वेगळे असतात, मध्ये एक-दोन दिवस जातात. 17 चा व्यवहार 19 ला नोंदला गेला, म्हणून तो पुढच्या महिन्याच्या बिलात गेला. महिना संपताना मुलाशी हिशेब जुळत नसेल, तर आधी बिलाच्या तारखेच्या आसपासचे व्यवहार पाहावेत.

खरी गाठ एटीएमच्या दोन हजारांत होती. भाच्याने 8 ऑक्टोबरला पैसे काढले. खरेदीला व्याजाशिवाय जी मुदत मिळते, ती रोख रकमेला मिळत नाही, पैसे हातात आल्यापासून व्याज चालू होतं. 500 रुपये शुल्क, महिना साडेतीन टक्के दराने दहा दिवसांचं 23 रुपये व्याज आणि दोन्हींवर जीएसटी 94 रुपये, म्हणजे दोन हजारांवर 617 रुपये. हे तिन्ही आकार भाच्याच्या नावाखाली नव्हते, ते ताईच्या नावाखाली छापून आले होते. शुल्क आणि व्याज खात्याला लागतं आणि खातं मुख्य कार्डधारकाचं, म्हणून बहुतेकदा असंच होतं. पेट्रोलचे 5 रुपये वजा करून बिलाची एकूण रक्कम झाली 17,817 रुपये 5 पैसे.

ताईने 5 नोव्हेंबरला काय केलं? स्वतःच्या खरेदीचे 8,140 रुपये भरले. "बाकीचं त्याचं, तो भरेल," असं तिचं म्हणणं. भाच्याचा शिष्यवृत्तीचा हप्ता यायचा होता, त्याने 20 नोव्हेंबरला उरलेले 9,677 रुपये 5 पैसे भरले. दोघांनीही आपापल्या परीने प्रामाणिकपणे पैसे दिले. बँकेच्या खात्यात मात्र वेगळंच चित्र उमटलं. 7 तारखेपर्यंत 17,817 यायला हवे होते, 8,140 आले. ही रक्कम किमान देयपेक्षा बरीच जास्त होती, म्हणून उशिराचा दंड लागला नाही. पण पूर्ण रक्कम आली नाही, की व्याजमाफीची मुदत संपूर्ण खात्याची जाते. ताईच्या किराण्यावर 24 सप्टेंबरपासून व्याज लागलं, मेसवर 1 ऑक्टोबरपासून, बुटांवर 10 ऑक्टोबरपासून. 18 नोव्हेंबरच्या स्टेटमेंटवर फक्त या जुन्या बिलाचं व्याज साडेसातशेच्या घरात होतं आणि जीएसटी धरून जवळजवळ नऊशे. शिवाय 18 ऑक्टोबरनंतर दोघांनी जी नवी खरेदी केली, तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणूनच ताई विचारत होती, की माझे पैसे वेळेवर गेले, मग हे कसं? तिने भरलेले पैसे बँकेने 'ताईची खरेदी' म्हणून वेगळे काढून ठेवलेले नव्हते. ते एकूण देण्यातून वजा झाले होते.

डिसेंबरच्या बिलातही व्याजाची एक छोटी ओळ आली, वीसेक रुपयांची. सगळं भरून झाल्यावर ही कशी आली, म्हणून ताई पुन्हा गोंधळली. नोव्हेंबरचं बिल 18 तारखेपर्यंतचं होतं, पैसे 20 ला भरले गेले, मधल्या दोन दिवसांचं व्याज पुढच्या बिलात आलं. त्यानंतर ते थांबलं.

एक गोष्ट मात्र स्टेटमेंटची वाट पाहत बसण्यासारखी नाही. भाच्याच्या कार्डावर त्याने न केलेला व्यवहार झाला, तर लगेच कळवावं: रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. दिवस एसएमएस किंवा ईमेलपासून मोजले जातात. स्टेटमेंट हातात येईपर्यंत ते उलटून गेलेले असू शकतात. हा एसएमएस काही बँका मुख्य कार्डधारकाला पाठवतात, काही अॅड-ऑनवाल्याला, म्हणून तो कोणाच्या फोनवर येतो हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. आणि मुलाने स्वतः केलेला, पण आपल्याला न पटलेला खर्च हा फसवणुकीचा व्यवहार ठरत नाही, त्याची तक्रार बँकेकडे चालत नाही.

आम्ही दोन बदल केले. बँकेच्या अॅपमध्ये भाच्याच्या कार्डावरचं एटीएम आणि परदेशी व्यवहार बंद केले आणि त्याच्या कार्डाला महिन्याची 8,000 ची मर्यादा घातली. ही मर्यादा ताईच्या एकूण मर्यादेतूनच जाते, वेगळी भर पडत नाही. आणि पैशांचा रस्ता बदलला. भाचा त्याच्या वाट्याची रक्कम 3 तारखेपर्यंत ताईला यूपीआयने पाठवतो, कमी पडले तर उरलेले ताई घालते, आणि 5 तारखेला ती 'एकूण देय' समोरचा आकडा पैशासकट पूर्ण भरते. वाटणीचा हिशेब आता स्वयंपाकघरातल्या वहीत असतो. जानेवारीच्या पानावर भाच्याच्या अक्षरात लिहिलंय, "मेस 3,200, पेट्रोल 505.90, परत आले 5," आणि बाजूला ताईची बरोबरची खूण आहे.