मार्चची गर्दी, जुलैची ओढ

ट्रकधंद्यात मार्च म्हणजे धावपळ. आर्थिक वर्ष संपण्याआधी कारखाने माल बाहेर काढतात. जुलैत पाऊस लागतो, बांधकामं थंडावतात आणि गाड्या उभ्या राहतात. समजा, एका वाहतूकदाराने मार्चमध्ये 1,165 टन माल नेला आणि जुलैत 839 टन. घट 28 टक्के! घाबरून तो एखादी गाडी विकायला काढेल. पण त्याचा धंदा खरोखर घटला का?

हे कळायला पाच वर्षांचे, म्हणजे साठ महिन्यांचे आकडे हवेत. आधी प्रत्येक महिन्याभोवतीच्या बारा महिन्यांची सरासरी काढायची. तिच्यात सगळे ऋतू येतात, त्यामुळे चढउतार विरतात. महिन्याचा खरा आकडा या सरासरीच्या किती टक्के, ते पाहायचं. पाच वर्षांतून प्रत्येक महिन्याची अशी चार गुणोत्तरं मिळतात, कारण पहिल्या आणि शेवटच्या सहा महिन्यांना पुरेसे शेजारी नसतात. त्या चारांची सरासरी म्हणजे हंगामी निर्देशांक. बारा निर्देशांकांची बेरीज 1,200 यायला हवी. थोडा फरक असेल तर सगळे त्याच प्रमाणात जुळवून घ्यायचे.

आपल्या वाहतूकदाराचा मार्चचा निर्देशांक 122 आला, जुलैचा 86. आता 1,165 ला 1.22 ने भागा, 955 येतात. 839 ला 0.86 ने भागा, 976. हंगाम बाजूला काढला की धंदा वाढलेलाच दिसतो.

असे हंगाममुक्त साठ आकडे आलेखावर मांडून त्यांतून सरळ रेषा काढायची. ती कलरेषा. मूळ आकड्यांतून रेषा काढू नये, कारण जुलैत सुरू होऊन मार्चला संपणारी माहिती नसलेली वाढही दाखवते. समजा, रेषा सांगते: 700 टन, अधिक दर महिन्याला 5 टन. मग पुढची तिमाही, जानेवारी ते मार्च, म्हणजे 61 ते 63 वा महिना. रेषेवर 1,005, 1,010 आणि 1,015 टन. जानेवारीचा निर्देशांक 104, फेब्रुवारीचा 98 धरला, तर अंदाज 1,045, 990 आणि 1,238 टन. नुसत्या रेषेवर विसंबलं असतं तर एकट्या मार्चमध्ये 223 टन कमी पडले असते. सोळा टनांच्या गाडीच्या चौदा खेपा.

फसगत कुठे होते? दिवाळीपाशी. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. सणाआधीचा माल महिना बदलतो आणि दोन्ही महिन्यांचे निर्देशांक गढूळ होतात. अशा वेळी दोन्ही महिने एकत्र धरून पाहणं मला जास्त विश्वासाचं वाटतं. 2021 च्या एप्रिल-मेमधल्या कोरोना लाटेसारखा आकडाही सरासरीत घेऊ नये. ती आपत्ती होती, हंगाम नव्हे.

आणि अंदाज वहीत लिहून ठेवा. सलग तीन महिने प्रत्यक्ष माल त्याच्या एकाच बाजूला राहिला, तर कल बदलला असू शकतो; रेषा नव्याने काढून पाहा.