नियंत्रक म्हणजे साहेब नव्हे

पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीत कागदपत्रं स्कॅन करून त्यांतली माहिती संगणकात भरण्याचं काम चालतं. काम जर्मनीतल्या एका विमा कंपनीचं. दाव्यांचे अर्ज, डॉक्टरांची बिलं, पत्ते, जन्मतारखा असं सगळं त्यात असतं. दोघांमधला माहितीप्रक्रियेचा करार इंग्रजीत आहे आणि वाद झाला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरायचा, असं त्यात लिहिलेलंही आहे. तरी मला त्याचं मराठी करायला सांगितलं. कारण साधं होतं. काही गडबड झालीच तर ती सगळ्यांत आधी दिसणार रात्रपाळीच्या सुपरवायझरला, आणि रात्री अकरा वाजता तो इंग्रजी कराराची पानं उलटत बसणार नाही.

पहिला मसुदा झाल्यावर मी त्यातलं एक पान त्याच सुपरवायझरला वाचायला दिलं आणि विचारलं, "समजा ही माहिती भलत्याच माणसाच्या हाती गेली, तर तुम्ही कुणाला कळवाल?"

त्याने पान पुन्हा वाचलं. "नियंत्रकाला. म्हणजे सरकारी ऑफिसात ना, मॅडम?"

चूक त्याची नव्हती. मराठी माणसाला नियंत्रक भेटतो तो परीक्षा नियंत्रक, शिधावाटप नियंत्रक किंवा वैधमापन नियंत्रक म्हणून. नियंत्रक म्हणजे खुर्चीतला साहेब. मी इंग्रजीतल्या 'कंट्रोलर'ला शब्दकोशातला सरळ प्रतिशब्द लावला आणि जर्मन विमा कंपनीला एका झटक्यात सरकारी खातं करून टाकलं. दुसरा शब्द 'प्रोसेसर'. तो मी तसाच ठेवला होता, तर त्याला वाटलं, ही संगणकातल्या चिपची गोष्ट आहे.

हे दोन शब्द आले युरोपीय संघाच्या जीडीपीआर या कायद्यातून. तो २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात दोघांची व्याख्या आहे. माहिती कशासाठी वापरायची आणि कोणत्या मार्गाने, हे जो ठरवतो तो कंट्रोलर. त्याच्या वतीने जो ती हाताळतो तो प्रोसेसर. इथे मालकीचा काही संबंध नाही, संगणक कुणाचा आहे याचाही नाही. सगळा भार 'ठरवणे' या एका क्रियापदावर आहे. अठ्ठाविसावं कलम तर पुढे सांगतं की प्रोसेसरच जर हेतू आणि मार्ग ठरवायला लागला, तर त्या कामापुरता त्याला कंट्रोलर समजलं जाईल. पुण्याच्या कंपनीने उद्या त्याच अर्जांतले पत्ते उचलून स्वतःची जाहिरात पाठवली, तर करारात तिचं नाव प्रोसेसर आहे ही सबब चालणार नाही.

शब्दाच्या सोपेपणाला भुलून मी मध्ये 'जबाबदार पक्ष' असंही करून पाहिलं होतं. त्या वाटेवर युरोपातच एक मजेदार खड्डा आहे. याच कायद्याच्या फ्रेंच आणि स्पॅनिश आवृत्त्यांत कंट्रोलरला 'जबाबदार' या अर्थाचाच शब्द आहे. इटालियन आवृत्तीत मात्र त्याच लॅटिन मुळाचा 'रेस्पॉन्साबिले' हा शब्द प्रोसेसरसाठी वापरलाय आणि कंट्रोलर झालाय 'तितोलारे'. म्हणजे फ्रेंच कराराचं इटालियन करताना दिसायला सारखा शब्द उचलला की भूमिका उलट्या होतात. मराठीत 'जबाबदार' म्हटलं की तर दोषीही डोळ्यांसमोर येतो. तो शब्द मी सोडला.

शेवटी ठरवलं की 'माहिती-नियंत्रक' आणि 'माहिती-प्रक्रियाकार' असे जोडशब्द घ्यायचे, त्यांतला 'माहिती' कधीही गाळायचा नाही, आणि पहिल्याच पानावर नावानिशी लिहायचं: या करारात माहिती-नियंत्रक म्हणजे जर्मन विमा कंपनी, कोणतंही सरकारी कार्यालय नव्हे. अशी नकारार्थी ओळ मूळ करारात नाही. वकिलाला विचारून ती चौकटीत, अनुवादकाची टीप म्हणून घातली. प्रक्रियाकाराने आपलं काम पुढे तिसऱ्याला दिलं तर त्या तिसऱ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मराठीने फुकटात सोडवला. 'उप' लावलं असतं तर तो उपाध्यक्षासारखा हाताखालचा अधिकारी वाटला असता. आपल्याकडे पोटकंत्राटदार आहे, पोटभाडेकरू आहे. तसाच हा पोटप्रक्रियाकार.

खरी मेख होती ती खबर देण्याच्या कलमात. माझ्या पहिल्या मसुद्यातलं वाक्य असं होतं: "वैयक्तिक माहितीचे उल्लंघन निदर्शनास आल्यास विनाविलंब अधिसूचित करण्यात यावे." शासकीय मराठी वाचून वाढलेल्या कुणालाही हे वाक्य चांगलं वजनदार वाटेल. पण ते कामाचं नाही. कुणाच्या निदर्शनास? अधिसूचित कुणी करायचं, कुणाला? मूळ इंग्रजीत कर्ता आणि कर्म दोन्ही ठळक आहेत. 'करण्यात यावे'ने दोघांनाही गिळलं. शिवाय अधिसूचना निघते ती राजपत्रात. आणि 'नोटीस' म्हणावं तर वकिलाचं पाकीट आठवतं.

'उल्लंघन' हा शब्द त्याहून घातक. कराराचंही उल्लंघन होतं आणि इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो. मराठी वाचणाऱ्याला वाटणार, आपण करार मोडला असेल तरच कळवायचं. मोडला नसेल तर गप्प बसायचं. 'गळती' किंवा 'चोरी' म्हटलं तर अर्थ आखडतो. कायद्यातली व्याख्या रुंद आहे. सुरक्षा भंगल्यामुळे माहिती नष्ट झाली, हरवली, बदलली गेली, किंवा नको त्याला दिसली अथवा मिळाली, तर ते सगळं त्यात येतं, मग ते मुद्दाम घडो की चुकून. कुणीतरी फोल्डर चुकून पुसलं आणि त्याची दुसरी प्रत नाही, तर बाहेर काहीच गळलेलं नसतं, तरीही कळवावं लागतं. म्हणून मी दोन शब्द वेगळे पाडले: माहितीच्या बाबतीत 'सुरक्षाभंग', कराराच्या बाबतीत 'करारभंग'. सगळ्या पानांवर एकाच्या जागी दुसरा येणार नाही, हे शेवटी शोध देऊन तपासलं.

सुधारलेलं वाक्य असं झालं: "सुरक्षाभंग झाल्याचे माहिती-प्रक्रियाकाराला कळताच त्याने अकारण उशीर न करता, आणि कळल्यापासून जास्तीत जास्त २४ तासांत, माहिती-नियंत्रकाला कळवले पाहिजे." यातले २४ तास या करारातले आहेत. कायद्याचं तेहतिसावं कलम प्रक्रियाकाराला तासांची मर्यादा घालत नाही, फक्त अकारण उशीर करू नको म्हणतं. त्यातले प्रसिद्ध ७२ तास नियंत्रकासाठी आहेत, तेही पर्यवेक्षक यंत्रणेला कळवण्यासाठी.

आता घड्याळ लावून बघू. समजा, बुधवारी एका कामगाराने अर्जांचं फोल्डर चुकून दुसऱ्या ग्राहकाच्या सर्व्हरवर टाकलं. शुक्रवारी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी सुपरवायझरच्या ते लक्षात आलं. हिवाळा आहे, म्हणजे जर्मनीत दुपारचे ४ वाजून ५० मिनिटं. कराराचे २४ तास शुक्रवार रात्रीपासून मोजायचे आणि ते शनिवारी रात्री ९:२० ला संपतात. अनुवादात 'घडल्यापासून' असं पडलं असतं, तर सुपरवायझरच्या हिशेबाने मुदत गुरुवारीच संपली होती. असा माणूस दोनांपैकी एक करतो: घाबरून लपवतो, नाहीतर तारीख बदलतो. 'कळल्यापासून' या एका शब्दावर त्याचा प्रामाणिकपणा उभा आहे. तासांचं 'एक दिवस' करणं हीसुद्धा अशीच निष्पाप वाटणारी खोडी. शनिवार-रविवार सुट्टी धरून तो सोमवारी दुपारी फोन करील.

समजा, त्याने शनिवारी सकाळी ११ ला कळवलं. युरोपीय माहितीसंरक्षण मंडळाच्या मार्गदर्शिकेनुसार प्रक्रियाकाराने सांगितलं की नियंत्रकाला 'कळलं' असं धरतात. म्हणजे जर्मन कंपनीचे ७२ तास तिथून सुरू होऊन मंगळवारी सकाळी ११ च्या सुमारास संपतील, आपल्या घड्याळाने. त्या वेळात ती ठरवणार की लोकांना यातून धोका संभवतो का. धोक्याची शक्यता नसेल तर यंत्रणेला कळवायची गरज नाही. धोका मोठा असेल तर त्या-त्या माणसालाही सांगावं लागतं. हा तोलमोल पुण्याच्या कंपनीने करायचाच नाही. त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की धोका किती, याचा अंदाज घेत प्रक्रियाकाराने थांबू नये. भंग झालाय का एवढं पाहावं आणि कळवावं. माझ्या मसुद्यात एका ठिकाणी 'गंभीर सुरक्षाभंग' असं पडलं होतं. ते विशेषण माझ्याच लेखणीतून आलं होतं, वाक्याला वजन यावं म्हणून. त्या एका विशेषणाने तोलमोलाचं काम रात्रपाळीच्या सुपरवायझरवर गेलं असतं.

तिसरं एक घड्याळ या करारात नाही, पण पुण्यात टिकटिकतं. सर्ट-इन या आपल्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, त्यांत नमूद केलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या असतात, आणि माहिती फुटणं हा त्यांतला एक प्रकार आहे. हे काम भारतीय कंपनीचं स्वतःचं. जर्मन कंपनीच्या परवानगीचा त्यात प्रश्न नाही. शुक्रवारी ९:२० पासून मोजलं तर पहाटेचे ३:२० होतात. मी हे अनुवादात घुसवलं नाही. ज्याचा करार त्याचाच अनुवाद. पण कंपनीला वेगळं पत्र लिहून सांगितलं, की सुपरवायझर सरकारी ऑफिस म्हणाला तेव्हा तो अगदीच हवेत बोलत नव्हता, फक्त कारण वेगळं होतं.

इथे आणखी एक मोह टाळावा लागतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात प्रोसेसर आहे, पण कंट्रोलर नाही; त्याच्या जागी 'डेटा फिड्युशियरी' आहे. ओळखीचं वाटावं म्हणून युरोपीय करारात 'विश्वस्त' वगैरे आणलं, तर वाचणारा देवस्थानच्या ट्रस्टपाशी पोचेल आणि वकील भलत्या कायद्यापाशी.

दुसरा मसुदा घेऊन मी पुन्हा गेले. उलट इंग्रजी अनुवाद करवून तपासण्याची पद्धत आहे, पण त्यात शब्द जुळतात की नाही एवढंच दिसतं. मी सुपरवायझरला तीनच प्रश्न विचारले: कुणी कळवायचं, कुणाला, आणि वेळ कधीपासून मोजायची?

"आपण. जर्मनीच्या कंपनीला. मला कळलं तेव्हापासून," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण मॅडम, फोन नंबर कुठंय यात?"

नंबर करारात होता, शेवटच्या परिशिष्टात. मराठी प्रतीत आता तो पहिल्या पानावर आहे.