चार गावे, पाच रस्ते

अ, ब, क, ड ही चौकोनाच्या कोपऱ्यांवरची चार गावे. चार बाजूंचे चार रस्ते, आणि अ-क हा पाचवा, तिरपा. पैसा तीनच रस्ते पक्के करण्यापुरता आहे. पण पावसाळ्यात एकही गाव तुटता कामा नये. अशा प्रत्येक निवडीला 'स्पॅनिंग ट्री' म्हणतात. अशा निवडी किती?

विजेच्या तारांच्या जाळ्यांचा अभ्यास करताना किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली याची वाट दाखविली. प्रत्येक गावाची एक ओळ मांडावी. कर्णावर त्या गावाच्या रस्त्यांची संख्या, थेट जोडलेल्या गावाखाली −१, इतरत्र ०. ही लाप्लासियन सारणी. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आली पाहिजे. न आल्यास मांडणी चुकली असे समजावे. मात्र याच कारणाने पूर्ण सारणीचा निश्चयक शून्यच येतो. म्हणून एका गावाची, समजा अ ची, ओळ व स्तंभ खोडावा. उरते ते असे :

```
 २  −१   ०
−१   ३  −१
 ०  −१   २
```

निश्चयक = २(६ − १) + १(−२ − ०) = ८.

ताळा पाहू. पाचांतून तीन रस्ते १० प्रकारे निवडता येतात. त्यांपैकी अ-ब-क व अ-क-ड हे दोन त्रिकोण एकेक गाव बाहेर ठेवतात. उरले ८! अ ऐवजी दुसरे कोणतेही गाव खोडा, उत्तर तेच. इथे बोटांवरही भागले असते. पण दहा गावे सगळी एकमेकांशी जोडलेली असली, तर अशा निवडी १० कोटी होतात.